दैनिक खाटा-व्याप्ती व आंतररुग्ण गणना अहवाल

दैनिक खाटा-व्याप्ती व आंतररुग्ण गणना अहवाल म्हणजे रुग्णालयात ठरावीक वेळी किती रुग्ण दाखल आहेत, आदल्या दिवसापासून त्या संख्येत कोणते बदल झाले आणि एकूण खाटांपैकी किती खाटा भरलेल्या आहेत हे दाखवणारा रोजचा तक्ता होय. रुग्णालयाच्या बोलीत त्याला ‘सेन्सस’ असे म्हटले जाते. रात्रपाळीच्या परिचारिका आपापल्या कक्षाचे आकडे लिहितात, सकाळी ते एकत्र केले जातात आणि प्रशासक किंवा वैद्यकीय अधीक्षक यांच्यासमोर ठेवले जातात.

हा तक्ता रोकडवहीसारखा चालतो. आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक ही आजची आरंभीची शिल्लक असते. तीत आलेले रुग्ण मिळवले आणि गेलेले वजा केले की आजची शिल्लक निघते. रोकडवही जशी प्रत्यक्ष रोख मोजून पडताळावी लागते, तसाच हा हिशेबही खाटांजवळ जाऊन केलेल्या मोजणीशी पडताळावा लागतो. या लेखात लहान रुग्णालयासाठी, मुख्यतः ३० खाटांच्या रुग्णालयाच्या उदाहरणाने, अहवालाचा नमुना व त्याची पडताळणी यांची माहिती दिली आहे.

## पार्श्वभूमी

रुग्णालयांनी दाखल, बरे झालेले व मृत रुग्ण एकाच पद्धतीने नोंदवावेत, असा प्रस्ताव फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मांडला होता. १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत त्यावर चर्चा झाली. कालावधीच्या आरंभी असलेले रुग्ण, मधल्या काळात आलेले व गेलेले आणि अखेरीस उरलेले, ही त्या प्रस्तावातील मांडणी आजच्या दैनिक तक्त्यातही दिसते.

भारतात सार्वजनिक आरोग्यसंस्थांची मासिक माहिती २००८पासून आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावर भरली जाते. तिच्यात मध्यरात्रीच्या आंतररुग्ण शिरगणतीची वेगळी नोंद असते. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते आणि नोंदणीत खाटांची संख्या नमूद असते. त्यामुळे ‘आपल्याकडे खाटा किती’ या प्रश्नाला कागदोपत्री एक ठाम उत्तर असते. प्रत्यक्षात वापरता येणाऱ्या खाटांची संख्या मात्र रोज तेवढीच असेल असे नाही.

## गणनेची वेळ

गणना बहुधा मध्यरात्री १२ वाजता केली जाते. त्या वेळी तारीख बदलते, बाह्यरुग्ण विभाग बंद असतो आणि रुग्णांची ये-जा सर्वांत कमी असते. सकाळी ८ वाजता गणना केल्यास पाळी बदलण्याची गडबड असते. दुपारी केल्यास डिस्चार्जची कागदपत्रे निम्मी पूर्ण व निम्मी अपुरी असतात.

वेळ कोणतीही ठरवली तरी ती सर्व कक्षांत एकच आणि रोज तीच असणे आवश्यक असते. स्त्री कक्षाने रात्री ११ वाजता आणि पुरुष कक्षाने पहाटे ५ वाजता मोजणी केली, तर मधल्या सहा तासांत कक्ष बदललेला रुग्ण दोन्हीकडे मोजला जातो किंवा दोन्हीकडून सुटतो. रात्री ११.५० वाजता दाखल झालेला रुग्ण त्या दिवसाच्या भरतीत धरला जातो, तर १२.१० वाजता आलेला दुसऱ्या दिवसाच्या. याकरिता भरतीच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही लिहिली जाते.

मध्यरात्री एखादा रुग्ण शस्त्रक्रियागृहात किंवा क्ष-किरण विभागात असू शकतो. ज्या कक्षात त्याची खाट राखून ठेवलेली आहे, त्या कक्षात तो मोजला जातो. प्रसूतिगृहातील टेबलावर असलेली स्त्रीसुद्धा प्रसूती कक्षातील तिच्या खाटेवर धरली जाते. टेबल ही स्वतंत्र खाट मानली जात नाही.

## कोणाला मोजायचे

आंतररुग्ण म्हणून रीतसर दाखल झालेला आणि खाट दिलेला रुग्ण गणनेत येतो. आपत्कालीन विभागात काही तास निरीक्षणासाठी ठेवलेला, परंतु दाखल न केलेला रुग्ण गणनेत येत नाही. डायलिसिसची खुर्ची, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येईपर्यंत वापरली जाणारी खाट आणि तपासणीचे टेबल हीदेखील खाटांच्या संख्येत धरली जात नाहीत.

नवजात अर्भकांबाबत गोंधळ होण्याचा संभव अधिक असतो. आईजवळ असलेले निरोगी बाळ सामान्यतः आंतररुग्णांत मिळवले जात नाही. त्याची संख्या तक्त्याखाली वेगळ्या ओळीत लिहितात. तेच बाळ आजारी पडून नवजात कक्षात दाखल झाले, त्याचा स्वतंत्र केसपेपर निघाला व त्याला खाट मिळाली, की ते आंतररुग्ण ठरते. प्रसूती कक्षाची व्याप्ती अकारण १०० टक्क्यांच्या वर गेलेली दिसली, तर बाळे आईसोबत मोजली गेली आहेत का, हे सर्वप्रथम पाहिले जाते.

सकाळी दाखल होऊन त्याच दिवशी घरी गेलेला रुग्ण मध्यरात्रीच्या मोजणीत दिसत नाही. त्याने खाट मात्र वापरलेली असते. अशा रुग्णाची नोंद भरतीत आणि जाणाऱ्यांत, अशा दोन्ही ठिकाणी होते आणि शिवाय ‘त्याच दिवशी आले व गेले’ अशी वेगळी ओळ ठेवली जाते. काही संस्था दिवसाचे रुग्णदिवस काढताना मध्यरात्रीच्या संख्येत ही ओळ मिळवतात, तर काही केवळ मध्यरात्रीची संख्या घेतात. एकदा ठरवलेली रीत वर्षभर कायम ठेवली तरच महिन्यांची परस्परांशी तुलना करता येते.

## अहवालाचा नमुना

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. या रुग्णालयात पुरुष कक्षात १२, स्त्री कक्षात १० आणि प्रसूती कक्षात ८, अशा एकूण ३० मंजूर खाटा आहेत.

| तपशील | पुरुष | स्त्री | प्रसूती | एकूण |
|---|---|---|---|---|
| मागील शिल्लक | ९ | ७ | ५ | २१ |
| नवीन भरती | ३ | २ | ३ | ८ |
| दुसऱ्या कक्षातून आलेले | ० | १ | ० | १ |
| दुसऱ्या कक्षात गेलेले | ० | ० | १ | १ |
| डिस्चार्ज | २ | ३ | १ | ६ |
| दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेले | ० | ० | १ | १ |
| सल्ल्याविरुद्ध गेलेले | १ | ० | ० | १ |
| मृत्यू | १ | ० | ० | १ |
| हिशेबी शिल्लक | ८ | ७ | ५ | २० |
| प्रत्यक्ष मोजणी | ८ | ७ | ५ | २० |
| मंजूर खाटा | १२ | १० | ८ | ३० |

पुरुष कक्षात आदल्या रात्री ९ रुग्ण होते. दिवसभरात ३ आले, २ डिस्चार्ज झाले, एक जण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेला आणि एकाचा मृत्यू झाला. म्हणून ८ उरले. प्रसूती कक्षातून एक स्त्री स्त्री कक्षात हलवण्यात आली आणि एकीला जिल्हा रुग्णालयात पाठवण्यात आले. जाणाऱ्यांच्या चार ओळी वेगळ्या ठेवण्याचे कारण असे, की खाट रिकामी होण्याचा परिणाम सारखाच असला तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात. दुसरीकडे पाठवलेल्यांची संख्या वाढली, तर शस्त्रक्रिया, रक्त किंवा तज्ज्ञ यांपैकी कशाची उणीव आहे, याचा शोध घ्यावा लागतो. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्यांची संख्या वाढली, तर खर्च, दूरचे गाव किंवा नातेवाइकांशी झालेला अपुरा संवाद अशी कारणे तपासावी लागतात.

संगणकावरील तक्त्यात पहिल्या ओळीत कक्षांची नावे आणि दुसऱ्या ओळीपासून वरील क्रमाने आकडे भरले, तर B स्तंभातील पुरुष कक्षाची हिशेबी शिल्लक B10 या चौकटीत पुढील सूत्राने निघते:

```
=B2+B3+B4-SUM(B5:B9)
```

प्रत्यक्ष मोजणीच्या ओळीत मात्र सूत्र घालायचे नसते. तेथे हिशेबी शिल्लक आपोआप उतरवली गेली, तर दोन्ही ओळी नेहमी जुळतील आणि पडताळणीला काही अर्थ उरणार नाही. ती संख्या खाटांजवळून आलेलीच असावी लागते.

## पडताळणी आणि चुकांचा शोध

तक्ता हाती आल्यावर दोन ताळे लगेच पाहता येतात. पहिला, एकूण स्तंभात ‘दुसऱ्या कक्षातून आलेले’ आणि ‘दुसऱ्या कक्षात गेलेले’ हे आकडे समान असले पाहिजेत, कारण एका कक्षातून निघालेला रुग्ण दुसऱ्या कक्षात पोहोचलेला असतो. दुसरा, प्रत्येक कक्षाची हिशेबी शिल्लक व प्रत्यक्ष मोजणी जुळली पाहिजे.

समजा, वरील उदाहरणात प्रसूती कक्षाने हलवलेल्या स्त्रीची नोंद करण्याचे राहून गेले. स्त्री कक्षाने तिला आपल्याकडे लिहिले आहे. अशा वेळी प्रसूती कक्षाची हिशेबी शिल्लक ६ येते, पण खाटांवर ५ जणी असतात. रुग्णालयाची एकूण शिल्लक २०ऐवजी २१ होते आणि आलेले १, गेलेले ० असा फरक उघड दिसतो. चूक कोठे आहे हे तक्ताच दाखवतो; दुरुस्तीस एक दूरध्वनी पुरतो.

दुसऱ्या प्रकारची तफावत डिस्चार्जच्या क्षणाविषयी असते. स्त्री कक्षातील एका रुग्णेचे डिस्चार्ज-पत्र दुपारी ४ वाजता तयार झाले, परंतु गावाकडे जाणारी शेवटची बस निघून गेल्याने ती रात्रभर खाटेवरच राहिली. कागदानुसार कक्षात ७ रुग्ण आहेत, प्रत्यक्षात ८. दुपारी रिकामी म्हणून कळवलेल्या या खाटेसाठी रात्री दुसरा रुग्ण पाठवला गेला, तर त्याला जमिनीवर गादी टाकून द्यावी लागते. यास्तव रुग्णाने खाट सोडली तोच डिस्चार्जचा क्षण मानण्याची आणि कागद तयार होण्याची वेळ वेगळी लिहिण्याची पद्धत सोयीची ठरते.

सर्वांत धोक्याची तफावत मात्र आकड्यांत दिसतच नाही. पुरुष कक्षातील ४ क्रमांकाच्या खाटेवरचा रुग्ण रात्री ९ वाजता कोणालाही न सांगता निघून गेला. साडेदहा वाजता आपत्कालीन विभागातून आलेल्या नव्या रुग्णाला तीच खाट मिळाली, पण त्याचे कागद खालीच राहिल्याने कक्षाच्या नोंदवहीत त्याचे नाव चढले नाही. नोंदवहीत ८ नावे आहेत आणि खाटांवरही ८ जण आहेत. हिशेब जुळतो. तरीही उपचार अर्धवट सोडून गेलेल्या माणसाचा शोध कोणी घेत नाही, आणि खाटेवर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले औषध दिले जाण्याची शक्यता निर्माण होते.

ही चूक केवळ संख्या मोजून सापडत नाही. त्यासाठी खाट क्रमांक व रुग्णाचे नाव यांची यादी घेऊन खाटेखाटेशी जावे लागते आणि रुग्णाला किंवा सोबतच्या नातेवाइकाला नाव विचारावे लागते. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारल्यास झोपेतला माणूस होकार देऊन मोकळा होतो. म्हणून ‘तुमचे नाव काय?’ असा प्रश्न विचारला जातो. ३० खाटांच्या रुग्णालयात हे काम थोड्या वेळात होते, तर मोठ्या रुग्णालयात ते कक्षांत विभागावे लागते. नावांची ही यादी कक्षातच राहते. प्रशासकाकडे जाणाऱ्या गोषवाऱ्यात नावांऐवजी केवळ संख्या असतात.

तक्ता शिलकेवर चालत असल्याने न सापडलेली चूक आपोआप नाहीशी होत नाही. १ तारखेला एक डिस्चार्ज लिहायचा राहिला आणि प्रत्यक्ष मोजणी कोणी केली नाही, तर तो कागदावरचा रुग्ण महिनाभर रोज पुढे ओढला जातो. ३० दिवसांत त्याचे ३० रुग्णदिवस होतात. ३० खाटांच्या रुग्णालयात महिन्याचे एकूण खाटादिवस ९०० असल्याने केवळ या एका चुकीने मासिक व्याप्ती ३.३ टक्क्यांनी फुगते.

## व्याप्तीचे प्रमाण

खाटा-व्याप्ती म्हणजे भरलेल्या खाटांना उपलब्ध खाटांनी भागून १००ने गुणल्यावर येणारी संख्या. वरील उदाहरणात २० भागिले ३० म्हणजे ६६.७ टक्के. पुरुष कक्षातील सल्ल्याविरुद्ध गेलेला रुग्ण त्याच दिवशी सकाळी दाखल झालेला होता असे मानले आणि त्याचा एक रुग्णदिवस धरला, तर २१ भागिले ३० म्हणजे ७० टक्के येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या रीतीने बरोबर आहेत. म्हणून कोणती रीत वापरली, हे अहवालावर छापलेले असावे लागते.

छेदाच्या बाबतीत अधिक मोठा फरक पडतो. छताला गळती लागल्यामुळे पुरुष कक्षातील ४ खाटा बंद ठेवल्या आहेत असे समजल्यास वापरता येण्याजोग्या खाटा २६ राहतात आणि व्याप्ती ७६.९ टक्के होते. पुरुष कक्षापुरते पाहिले तर उरलेल्या ८ खाटांवर ८ रुग्ण आहेत, म्हणजे तो कक्ष पूर्ण भरलेला आहे. एकूण आकडा ६६.७ टक्के पाहून रात्री पुरुष रुग्ण स्वीकारला, तर त्याला द्यायला खाट नसते. स्त्री व प्रसूती कक्षांतील रिकाम्या खाटा त्याच्या उपयोगाच्या नसतात. यामुळे लहान रुग्णालयाच्या अहवालात मंजूर खाटा, चालू खाटा आणि रिकाम्या खाटा या तिन्ही संख्या कक्षनिहाय दिल्या जातात.

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की जमिनीवर गाद्या किंवा जादा खाटा टाकल्या जातात. अशा रुग्णांची गणना अंशात होते. मंजूर खाटांचा छेद मात्र वाढवला जात नाही. त्यामुळे व्याप्ती १०० टक्क्यांपुढे जाते. हा आकडा चुकीचा समजून १००वर आणून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते. तसे केल्यास गर्दीचा पुरावाच अहवालातून नाहीसा होतो.

## लहान रुग्णालयातील सरासरीची मर्यादा

१९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बॅगस्ट, प्लेस व पॉस्नेट यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपत्कालीन रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाच्या गणिती प्रतिरूपावर आधारलेल्या या अभ्यासात, सरासरी व्याप्ती सुमारे ८५ टक्क्यांवर गेली की खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांवर तुटवडा नित्याचा होतो, असे दिसून आले. ‘८५ टक्के’ हा आकडा त्यानंतर अनेक ठिकाणी मापदंड म्हणून उद्धृत होऊ लागला.

लहान रुग्णालयाला तो तसाच लागू करता येत नाही. रुग्ण एकमेकांपासून स्वतंत्रपणे व अनियमितपणे येतात असे गृहीत धरल्यास दाखल रुग्णांच्या संख्येतील रोजचा चढउतार साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. सरासरी २५ रुग्ण असलेल्या ३० खाटांच्या रुग्णालयात तो सुमारे ५ रुग्णांचा, म्हणजे सरासरीच्या एकपंचमांश इतका असतो. सरासरी २५० रुग्ण असलेल्या ३०० खाटांच्या रुग्णालयात तो सुमारे १६ असतो, म्हणजे सरासरीच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढा. दोन्ही ठिकाणी सरासरी व्याप्ती ८३ टक्केच आहे. तरीही या गृहीतकानुसार लहान रुग्णालयात सुमारे दर सात दिवसांतून एकदा ३०हून अधिक रुग्णांसाठी खाटांची गरज भासते, तर मोठ्या रुग्णालयात अशी वेळ क्वचितच येते. लहान रुग्णालयातील सरासरी २० रुग्णांवर, म्हणजे ६७ टक्के व्याप्तीवर आली, तर असा दिवस साधारणपणे अडीच महिन्यांतून एकदा येतो.

म्हणून ६७ टक्के व्याप्ती पाहून ‘एकतृतीयांश खाटा वाया जात आहेत’ असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. त्या खाटांपैकी बऱ्याच गर्दीच्या दिवसासाठी राखीव पडतात. कक्ष पुरुष व स्त्री असे विभागलेले असल्यास प्रत्येक कक्ष स्वतःच एक छोटे रुग्णालय होतो आणि चढउतार आणखी तीव्र होतो. म्हणूनच मासिक सरासरीबरोबर महिन्यातील सर्वाधिक व सर्वांत कमी संख्येचे दिवसही नोंदवले जातात.

## मासिक गोषवारा

दैनिक तक्त्यांच्या बेरजेतून महिन्याचे आकडे तयार होतात. समजा, ३० दिवसांच्या महिन्यात मध्यरात्रीच्या संख्यांची बेरीज ६३० आली आणि मृत्यूंसह २१० रुग्ण रुग्णालयातून गेले. तर व्याप्ती ६३० भागिले ९०० म्हणजे ७० टक्के, सरासरी मुक्काम ६३० भागिले २१० म्हणजे ३ दिवस आणि एका खाटेवर महिन्यात सरासरी ७ रुग्ण येतात. रिकामे राहिलेले २७० खाटादिवस २१० रुग्णांवर विभागले असता दोन रुग्णांमध्ये खाट सरासरी १.३ दिवस मोकळी राहिल्याचे समजते.

वर उल्लेखिलेला कागदावरचा एक रुग्ण या महिन्यात शिल्लक राहिला असता, तर बेरीज ६६० झाली असती, व्याप्ती ७३.३ टक्के दिसली असती आणि सरासरी मुक्काम ३.२ दिवसांवर गेला असता. हे आकडे अशक्य वाटत नाहीत, त्यामुळे मासिक गोषवारा पाहून अशी चूक ओळखता येत नाही. ती ज्या रात्री घडली त्या रात्रीच्या प्रत्यक्ष मोजणीतच सापडू शकते.